चूक मागच्या वर्षाची, मग यंदाचा नफा का कापायचा? वाळूजच्या २५,००० ब्रॅकेटचं प्रकरण

वाळूज एमआयडीसीतलं एक प्रेस शॉप. टू-व्हीलरला लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवतात, प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला देतात, वर्षाची उलाढाल साधारण ६२ कोटी. प्रायव्हेट लिमिटेड आहे पण ७४ टक्के शेअर पुण्याच्या एका लिस्टेड कंपनीकडे आहेत, आणि हे शेअरचं वाक्य जरा लक्षात ठेवा कारण पुढची सगळी भांडणं तिथंच येऊन थांबतात. नावं कुणाचीच देत नाही, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, बाकी हिशोब जसाच्या तसा आहे.

झालं काय की २०२३-२४ चं वर्षअखेर. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता, म्हणून फिजिकल स्टॉक मोजणी शनिवारी ३० तारखेला सकाळी उरकली. प्रेस शॉपच्या स्टोअरमधे एका मॉडेलचे २५,००० ब्रॅकेट होते, मोजले, शीटवर लिहिले, ऑडिटरच्या पोरानं समोर उभं राहून टिक मारली, सह्या झाल्या. दुपारी चारनंतर तोच माल गाड्यांत भरून चिकलठाण्याच्या प्लेटरकडे गेला कारण गिऱ्हाईकाला एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पार्ट हवे होते. चलनं व्यवस्थित फाडलेली, गेट रजिस्टरला वेळेसकट नोंद. मग प्लेटरनं ३१ मार्चच्या तारखेचं शिल्लक मालाचं पत्र दिलं त्यात हे २५,००० आले, ते पण खरंच. अकाउंट्सनं काय केलं, स्टोअरची मोजणी शीट घेतली, त्यात प्लेटरचं पत्र मिळवलं, आणि झाले ५०,०००. मजा अशी की दोन्ही कागद खरे होते, फक्त वेगवेगळ्या वेळेचे होते.

टॅलीत मात्र चलनं चढलेली असल्यामुळं २५,००० च दिसत होते. म्हणजे मोजणीत २५,००० जास्त. इथंच खरं तर थांबायला पाहिजे होतं, कारण स्टॉक कमी भरला तर सगळे धावतात, चौकशी लावतात, पण जास्त भरला की कुणी काही विचारत नाही. अकाउंट्समधल्या माणसानं ठरवलं की प्रॉडक्शनची एंट्री राहिली असेल, मार्चला असं होतंच, आणि ३१ मार्चच्या तारखेनं स्टॉक जर्नल टाकून २५,००० नग वाढवून घेतले. एका नगाला १६० रुपये म्हणजे ४० लाख. क्लोजिंग स्टॉक ४७२ लाखाच्या ऐवजी ५१२ लाख झाला, आणि २०२३-२४ चा करपूर्व नफा २०० लाखाचा २४० लाख झाला. ऑडिट झालं, सप्टेंबरमधे एजीएममधे हिशोब मंजूर झाले, आरओसीला फाईल झाले, इन्कम टॅक्सचं रिटर्न गेलं. वर्ष बंद.

फेब्रुवारी २०२५ मधे सायकल काउंटला याच पार्टचे २५,००० नग कमी आले. पहिला संशय अर्थातच चोरीचा. स्टोअरवाल्या मामांना दोनचार दिवस लई त्रास झाला, ते गंगापूर तालुक्यातले, वीस वर्षांची नोकरी, ते एकच म्हणत होते की "साहेब माझ्याकडं आलेच नाहीत तर जातील कुठं". आणि त्यांचंच बरोबर निघालं. मागं मागं जात प्रत्येक हालचाल जुळवली तर एप्रिल २४ पासूनची आवक जावक पैन् पै जुळत होती, फरक ओपनिंगमधेच होता. मग ३१ मार्चचं ते स्टॉक जर्नल सापडलं, मग मोजणी शीट, आणि शेवटी ज्यानं वाद मिटला तो कागद म्हणजे आयटीसी-०४. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं हे जीएसटीचं फॉर्म सहामाही असतं पाच कोटीच्या वर उलाढाल असली की, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या फॉर्ममधे ३० मार्चची ती चलनं कंपनीनं स्वतःच दाखवलेली होती. म्हणजे एप्रिल २०२४ मधेच कंपनीच्या एका कागदात माल बाहेर गेला होता आणि दुसऱ्या कागदात तोच माल स्टोअरमधे बसला होता.

आता एंट्री काय करायची. तीन माणसं, तीन मतं.

डायरेक्टर साहेब म्हणाले शॉर्टेज म्हणून राईट ऑफ करा, मार्चमधे एक एंट्री, विषय संपला. जुने अकाउंटंट काका, ज्यांची हयात याच धंद्यात गेली, ते म्हणाले शॉर्टेज नको, पी अँड एल मधे 'प्रायर पिरियड एक्स्पेन्स' म्हणून वेगळी ओळ टाकू, आम्ही कायम असंच केलंय. आणि नवीन प्लांट हेड, जे मे २०२४ मधे जॉईन झालेले आणि ज्यांचा इन्सेंटिव्ह वर्षाच्या नफ्यावर आहे, ते सरळ म्हणाले की हे ४० लाख माझ्या वर्षात कशाला, मी त्या मोजणीला इथं नव्हतोच. आता प्लांट हेडचा स्वार्थ होता हे उघड आहे, पण हिशोबाच्या दृष्टीनं तिघांत त्यांचंच म्हणणं बरोबर होतं.

आधी शॉर्टेजचं बघू कारण त्यात एक खड्डा आहे जो बऱ्याच जणांना दिसत नाही. शॉर्टेज म्हणजे माल होता आणि गेला. इथं माल कधी नव्हताच. तरी तुम्ही पुस्तकात 'स्टॉक राईट ऑफ' लिहिलं की जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) कडं बोट जातं, हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, राईट ऑफ केलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे जो माल अस्तित्वातच नव्हता त्याच्यावरचं क्रेडिट रिव्हर्स करायची नोटीस तुम्ही स्वतःच्या हातानं ओढवून घेणार, आणि मग तो माल नव्हताच हे सिद्ध करायला परत हीच सगळी कागदं काढावी लागणार. त्यापेक्षा पहिल्यापासूनच खरं नाव द्या, की ही मोजणीतली चूक आहे.

काकांचं म्हणणं मात्र तेवढं चुकीचं नाही, आणि ते का चुकलं ते समजणं जास्त महत्त्वाचं आहे. अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणजे एएस, त्यातलं जुनं एएस ५ जे आहे, त्यात मागच्या वर्षाची चूक सापडली की ती चालू वर्षाच्याच नफा-तोटा पत्रकात येते, फक्त वेगळी दाखवायची म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की एवढा परिणाम जुन्या चुकीचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांना आजही एएस च लागू आहे त्यामुळं काकांचा हात तिकडंच जाणार. पण ही कंपनी लिस्टेड कंपनीची सबसिडियरी आहे, आणि मुख्य एक्स्चेंजवर लिस्टेड असलेल्या कंपनीच्या सबसिडियरीला, ती कितीही लहान असू दे, नेटवर्थ २५० कोटीच्या खाली असू दे, आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या धर्तीवरचं इंड एएस लागू होतं. म्हणजे ७४ टक्के शेअर पुण्याला गेले तेव्हाच नियम बदलला, काकांची सवय तेवढी बदलली नाही. इंड एएस ८ सांगतं की मोठी, म्हणजे मटेरियल चूक असेल तर ती ज्या वर्षाची आहे त्या वर्षातच दुरुस्त करायची, चालू वर्षाच्या नफ्याला हात लावायचा नाही.

मग मटेरियल आहे का? पर्सेंटेजचा असा काही नियम स्टँडर्डमधे नाही, वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो का एवढंच विचारलंय. ४० लाख म्हणजे दाखवलेल्या २४० लाख नफ्याच्या जवळपास १७ टक्के, त्यामुळं इथं वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुण्याहून ग्रुप फायनान्सचा फोन आला होता की आमच्या कन्सॉलिडेशनला ४० लाख काहीच नाही, चालू क्वार्टरमधे टाकून द्या. ग्रुपसाठी ते काहीच नसेलही. पण वाळूजच्या कंपनीचा स्वतःचा ताळेबंद वेगळा निघतो, तो बँक बघते, २६ टक्केवाले जुने प्रमोटर बघतात, आणि त्याचं मटेरियल त्याच्याच नफ्यावर ठरतं.

अजून एक प्रश्न ऑडिटरनं विचारला आणि तो योग्यच होता, की ही चूक आहे की अंदाज बदलला. दोन्हीत फरक असा की हिशोब मंजूर होत होते तेव्हा खरी माहिती हाताशी होती का, आणि नीट बघितलं असतं तर वापरता आली असती का. इथं गेट रजिस्टर होतं, चलनं होती, आयटीसी-०४ होतं, सगळं सप्टेंबरच्या आधीचं. म्हणजे सरळ चूक. याउलट याच कंपनीत एका बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट पडून होते, मार्च २४ ला वाटत होतं की स्पेअर मार्केटला निम्म्या भावानं तरी जातील, ऑगस्टमधे गिऱ्हाईकानं ते डिझाईनच बदललं आणि माल भंगारात गेला. ते ६ लाख मात्र चालू वर्षाच्याच पी अँड एल ला लागले, कारण मार्चला जे माहीत होतं त्यावर तो अंदाज बरोबर होता. डायरेक्टर साहेब म्हणाले हे पण मागच्या वर्षाला ढकलून द्या की आता काम काढलंच आहे तर. नाही ढकलता येत. मागच्या वर्षांच्या साठलेल्या नफ्याला, म्हणजे रिझर्व्हला हात लावायचा दरवाजा फक्त चुकीसाठी उघडतो, नकोसा झालेला खर्च तिथून बाहेर काढता येत नाही, आणि ऑडिटर सगळ्यात जास्त संशय इथंच घेतो.

आता हिशोब. मला वाटतं सगळ्या प्रकरणात हाच भाग निवांत बघण्यासारखा आहे.

कंपनी २५.१६८ टक्के दरानं कर भरते. १ एप्रिल २०२३ ला रिटेन्ड अर्निंग्स, म्हणजे तोच साठलेला नफा, ६१० लाख होते, दोन्ही वर्षात डिव्हिडंड नाही. खाली डावीकडं चूक चालू वर्षात टाकली तर काय दिसतं ते, उजवीकडं बरोबर दुरुस्ती केली तर. आकडे लाखात.

| | दुरुस्ती चालू वर्षात | दुरुस्ती मागच्या वर्षात |
|---|---|---|
| २०२३-२४ करपूर्व नफा | २४०.०० | २००.०० |
| २०२३-२४ करानंतर नफा | १७९.६० | १४९.६७ |
| ३१ मार्च २०२४ रिटेन्ड अर्निंग्स | ७८९.६० | ७५९.६७ |
| २०२४-२५ करपूर्व नफा | २२०.०० | २६०.०० |
| २०२४-२५ करानंतर नफा | १६४.६३ | १९४.५६ |
| ३१ मार्च २०२५ रिटेन्ड अर्निंग्स | ९५४.२३ | ९५४.२३ |

शेवटची ओळ बघा. दोन्हीकडं ९५४.२३. डायरेक्टर साहेबांनी नेमकं याच ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले मग एवढी डोकेफोड कशाला करायलोत आपण, मार्च २५ ला तर सगळं सारखंच आहे. आणि ही गोष्ट खरी आहे, क्लोजिंग स्टॉकची चूक पुढच्या वर्षी उलटी फिरते, या वर्षीचा क्लोजिंग म्हणजे पुढच्या वर्षीचा ओपनिंग, त्यामुळं एका वर्षी नफा जेवढा फुगतो तेवढाच दुसऱ्या वर्षी बसतो आणि ताळेबंद आपोआप जागेवर येतो. पण मधल्या ओळी वाचा ना. डावीकडं ही कंपनी २४० वरून २२० वर घसरलेली दिसते. उजवीकडं तीच कंपनी २०० वरून २६० वर गेलेली दिसते, ३० टक्के वाढ. एकाच कारखान्याच्या दोन अगदी उलट्या गोष्टी, आणि त्यातली दुसरी खरी आहे. प्लांट हेड आल्यावर स्क्रॅप कमी झालं होतं, प्रेसचा डाउनटाइम कमी झाला होता, ते सगळं डावीकडच्या आकड्यात बुडून गेलं असतं आणि त्यांना विचारलं असतं की नफा का पडला.

प्रत्यक्ष एंट्री दोन ओळींची. २०२३-२४ ची पुस्तकं उघडायची नाहीत, तारीख १ एप्रिल २०२४ ची.

रिटेन्ड अर्निंग्स (मागील वर्षाची चूक दुरुस्ती) नावे ४०.००
ओपनिंग स्टॉक जमा ४०.००

डिफर्ड टॅक्स असेट नावे १०.०७
रिटेन्ड अर्निंग्स (मागील वर्षाची चूक दुरुस्ती) जमा १०.०७

म्हणजे निव्वळ २९.९३ लाख रिटेन्ड अर्निंग्समधून कमी झाले, ७८९.६० चे ७५९.६७.

दुसऱ्या ओळीवर सगळे अडले, तर ते जरा सावकाश सांगतो. कंपनीनं २०२३-२४ चा कर २४० लाखावर भरलाय, ६०.४० लाख. खरा नफा २०० होता म्हणजे १०.०७ लाख जास्त गेले. सुधारित रिटर्न भरून परत मागता आले असते पण त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि चूक सापडली फेब्रुवारीत. अपडेटेड रिटर्न म्हणाल तर ते कर कमी करायला वापरता येत नाही. मग पैसे बुडाले का? नाही, कारण इन्कम टॅक्सचं स्वतःचं स्टॉकचं स्टँडर्ड, आयसीडीएस २, म्हणतं की इन्कम टॅक्सच्या हिशोबात या वर्षीचा ओपनिंग स्टॉक म्हणजे मागच्या वर्षीचा क्लोजिंग स्टॉक, तोच आकडा. त्यामुळं करासाठी ओपनिंग ५१२ च राहतो, पुस्तकात ४७२, आणि २०२४-२५ च्या कॉम्प्युटेशनमधे २६० मधून ते ४० वजा होऊन २२० वर कर लागतो, ५५.३७ लाख. मागच्या वर्षी जास्त भरलेले १०.०७ या वर्षी कमी भरून वसूल होतात. म्हणून ३१ मार्च २०२४ ला ती रक्कम डिफर्ड टॅक्स असेट होती, आणि २०२४-२५ मधे ती वापरली गेली म्हणून या वर्षीच्या पी अँड एल ला १०.०७ डिफर्ड टॅक्स खर्च पडतो. ५५.३७ आणि १०.०७ मिळून ६५.४४, जो बरोबर २६० वरचा कर आहे. हे जुळलं की समजायचं एंट्री बरोबर बसली. बरेच जण ४० लाख पूर्णच्या पूर्ण रिझर्व्हमधून काढतात, कराचं विसरतात, आणि मग या वर्षीचा कराचा दर बघितला तर ५५.३७ भागिले २६०, जेमतेम २१ टक्के येतो. असा विचित्र दर दिसला की ओळखायचं कराचा पाय राहिलाय.

टॅलीत हे करताना अजून एक गंमत होते. अकाउंट्स आणि इन्व्हेंटरी जोडलेली असेल तर २५,००० नग कमी करायला स्टॉक जर्नल टाकलं की क्लोजिंग स्टॉक कमी होतो आणि ते ४० लाख गुपचूप चालू वर्षाच्या नफ्यातूनच जातात, कारण ओपनिंगचा आकडा मागच्या वर्षाहून तसाच पुढं आलेला असतो. नुसतं स्टॉक जर्नल टाकून खूश होऊ नका. इथं स्टॉक जर्नलनं नग काढले, आणि जर्नल व्हाउचरनं रिटेन्ड अर्निंग्स नावे, समोर पी अँड एल मधलं 'ओपनिंग स्टॉक दुरुस्ती' नावाचं लेजर जमा ४० लाख, असं केलं. फायनल हिशोबात ते लेजर ओपनिंग स्टॉकमधे मिसळून ५१२ चे ४७२ दाखवले. कुणी म्हणेल त्यापेक्षा मागच्या वर्षात जाऊन ते स्टॉक जर्नलच डिलीट करा, ओपनिंग आपोआप सुधारेल. सुधारेल, पण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे, सही झालेल्या वर्षात फेब्रुवारी २५ ची खोडाखोड लॉगमधे दिसणार, आणि फाईल केलेला ताळेबंद आणि टॅलीतला ताळेबंद कायमचे वेगळे होणार. तसलं काही करू नका.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. एंट्री ओपनिंग रिटेन्ड अर्निंग्सला पडली म्हणजे काम झालं असं वाटतं. पुस्तकातलं झालं. पण २०२४-२५ चे जे हिशोब छापले जातात त्यात शेजारी २०२३-२४ चा कॉलम असतो, तो पण बदलायचा, डोक्यावर 'रिस्टेटेड' लिहून. तिथं स्टॉक ४७२, करपूर्व नफा २००, डिफर्ड टॅक्स १०.०७ चा क्रेडिट, करानंतर १४९.६७. दहा लाख शेअर आहेत तर ईपीएस १७.९६ चा १४.९७. स्टेटमेंट ऑफ चेंजेस इन इक्विटीमधे शेड्यूल ३ नं आता चुकीसाठी वेगळी जागाच दिलीय. आणि एक नोट, ज्यात चूक काय होती, कोणत्या ओळीवर किती परिणाम झाला हे लिहायचं. डायरेक्टर साहेबांना 'मोजणीतील तांत्रिक फरक' असं काहीतरी गुळमुळीत हवं होतं, शेवटी 'जॉबवर्करकडे पाठवलेला माल दोनदा मोजला गेला' असं साध्या शब्दात लिहिलं आणि मला तरी तेच बरं वाटतं, वाचणाऱ्याला प्रश्नच उरत नाही.

मागच्या वर्षाचे फाईल केलेले हिशोब परत फाईल करावे लागत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १३१ खाली कंपनी लवादाची, म्हणजे एनसीएलटीची परवानगी घेऊन जुने हिशोब सुधारता येतात खरे, पण तो रस्ता वेगळा आणि लांबचा, इथं तुलनात्मक कॉलममधे दुरुस्ती पुरेशी होती. तिसरा ताळेबंदही लागला नाही. तो लागतो जेव्हा चूक त्याच्याही आधीची असते. समजा हीच चूक २०२१-२२ मधे सुरू झालेली आणि तो खोटा स्टॉक वर्षानुवर्षं पुढं ओढलेला असता, तर २०२३-२४ चा नफा बदललाच नसता, सरळ १ एप्रिल २०२३ चे रिटेन्ड अर्निंग्स कमी करून त्या तारखेचा तिसरा ताळेबंद छापावा लागला असता. म्हणून एंट्री टाकायच्या आधी पहिला प्रश्न हा, की चूक नेमकी कोणत्या वर्षी जन्मली. इथं मार्च २३ ची मोजणी शीट पण काढून बघितली, तेव्हा माल दोनदा मोजला गेला नव्हता.

बँकेचं काय झालं ते सांगतो कारण डायरेक्टर साहेबांची खरी भीती तीच होती. स्टॉकवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे ४० लाखाच्या खोट्या स्टॉकवर ३० लाखाची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कर्ज उचलायची मर्यादा, जास्त मिळत होती. कॅश क्रेडिट कधी त्या टोकापर्यंत वापरलं नव्हतं हे नशीब. फेब्रुवारीच्या स्टॉक स्टेटमेंटपासून आकडा सुधारला आणि सोबत एका पानाचं पत्र, आयटीसी-०४ ची प्रत आणि गेट रजिस्टरचं पान दिलं. मॅनेजरनं दोन प्रश्न विचारले, अशा अजून किती चुका आहेत आणि आता काय बदललं. पहिल्यासाठी ३१ मार्च २०२४ च्या सगळ्या जॉबवर्क चलनांची मोजणी शीटशी जुळवणी केलेली तयार होती, बाकी कुठं फरक नव्हता. दुसऱ्याचं उत्तर ऑडिटरनंही मागितलं, कारण एवढी चूक सुटून जाते म्हणजे अंतर्गत कंट्रोल कुठंतरी सैल आहे आणि त्यांना त्यावर वेगळा रिपोर्ट द्यावा लागतो. बदल साधेच केले. मोजणी सुरू झाली की शेवटच्या आवक-जावक चलनाचा नंबर शीटवर लिहायचा, मोजणीनंतर गेटमधून काही गेलं तर त्याची वेगळी यादी, आणि मोजणीत माल जास्त आला तरी कमी आल्यासारखीच चौकशी, प्लांट हेडच्या सहीशिवाय स्टॉक जर्नल नाही.

हे सगळं ऐकून तो चिकलठाण्याचा प्लेटर माझ्याकडं आला. त्याची स्वतःची छोटी प्रायव्हेट लिमिटेड, त्यात त्याचा आणि भावाचा हिस्सा, दुसरं कुणी नाही. त्याला मागच्या वर्षीचं सांडपाणी प्रक्रियेचं ३ लाखाचं बिल आता सापडलं होतं, पुस्तकात घ्यायचंच राहिलेलं, आणि मशीनसाठी कर्ज काढायचं असल्यामुळं यंदाचा नफा चांगला दिसायला हवा होता. "भाऊ, त्यांच्यासारखं रिझर्व्हमधून मारून टाका की." त्याला सांगितलं, तुमचं नाही जमत. तुम्हाला एएस ५ लागू, ते ३ लाख यंदाच्याच नफा-तोटा पत्रकात येणार, पाहिजे तर चालू वर्षाचा नफा काढून त्याच्या खाली वेगळ्या ओळीत दाखवू म्हणजे बँकेला कळेल की हा खर्च यंदाच्या कामाचा नाही. तो म्हणाला मग कर्जाच्या फाईलला तीच ओळ मार्कर मारून लावा. लावली.